चार कोपऱ्यांचा हिशेब

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिलची किंवा गोदामाची शेड उभी करायची ठरली, की पहिला मोठा खर्च जमिनीखाली होतो. वरचा थर काळ्या मातीचा असतो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर कॉलमचे फुटिंग टेकवले तर ते मातीबरोबर वरखाली होते आणि भिंतींना तडे जातात. म्हणून काळी माती पूर्ण कापायची, खालच्या मुरमात थोडे शिरायचे आणि तिथे फुटिंग बसवायचे, हा इथला साधा रिवाज आहे.

हा मुरूम किती खोलीवर लागेल, हे गावागणिक बदलते. तापीच्या उत्तरेला चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात गाळाचा थर इतका जाड आहे की पायाच्या खोदाईत खडक दिसतच नाही. धुळ्याकडे, डोंगराच्या कडेने, कधी हातभर मातीखालीच मुरूम लागतो. शिवाय धुळे-नंदुरबार भागात बेसॉल्टच्या उभ्या भित्ती जमिनीत घुसलेल्या आहेत, त्यामुळे एकाच प्लॉटच्या दोन टोकांना खोली सारखी निघेल याचीही खात्री नसते. अडीच-तीन मीटर खोलीचा खड्डा इथल्या ठेकेदाराला नवा नाही.

एवढा खोल खड्डा काळ्या मातीत सरळ उभ्या बाजूंचा ठेवणे धोक्याचे असते. कोरडी माती भिंतीसारखी उभी राहते खरी, पण तिच्या भेगा आधीच खोलवर गेलेल्या असतात, आणि एखाद्या भेगेपासून अख्खा ढलपा सुटून खाली काम करणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. खोदाईच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक, आयएस ३७६४, दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यायला सांगते. फळ्या-टेकू लावायचे नसतील, तर बाजूंना उतार देऊन माती मोकळी करावी लागते. म्हणून खड्डा वर रुंद, खाली अरुंद होतो, आणि इथेच हिशेबाचा प्रश्न सुरू होतो: अशा खड्ड्यातून नेमकी किती माती निघते?

एक खड्डा, तीन उत्तरे

एक ठरावीक खड्डा घेऊ. शेडच्या कॉलमचे फुटिंग १.८ मीटर रुंद आणि २.४ मीटर लांब आहे. त्याखालच्या पी.सी.सी.ला आणि सेंटरिंग करणाऱ्याला जागा हवी म्हणून चारही बाजूंनी ३० सेंटिमीटर सोडले, तर खड्ड्याचा तळ २.४ बाय ३.० मीटर होतो. खोली ३ मीटर. बाजूंचा उतार असा, की एक मीटर वर जाताना कड अर्धा मीटर बाहेर सरकते. म्हणजे तीन मीटरवर प्रत्येक बाजू दीड मीटर बाहेर जाईल आणि माथ्यावर खड्ड्याचे तोंड ५.४ बाय ६.० मीटर होईल.

तळाचे क्षेत्रफळ ७.२ चौरस मीटर, तोंडाचे ३२.४ चौरस मीटर. साइटवर बहुतेक जण दोन्हींची सरासरी काढतात, १९.८, आणि खोलीने गुणतात. उत्तर येते ५९.४ घनमीटर.

दुसरा कोणी म्हणतो, सरासरी क्षेत्रफळाची नको, मापांची घेऊ. २.४ आणि ५.४ यांच्या मधले ३.९. ३.० आणि ६.० यांच्या मधले ४.५. त्यांचा गुणाकार १७.५५. हे खड्ड्याच्या बरोबर अर्ध्या खोलीवरचे क्षेत्रफळ आहे. त्याला तीनने गुणले की ५२.६५ घनमीटर.

खड्डा तोच, फीत तीच, तरी दोन उत्तरांत पावणेसात घनमीटरांचा फरक पडला. ब्रासमध्ये सांगायचे तर जवळजवळ २.४ ब्रास, कारण १०० घनफुटांचा एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. खरे उत्तर या दोन्हींच्या मध्ये आहे: ५४.९ घनमीटर. ते कसे आले, हे पाहायचे तर खड्ड्याचे तुकडे करावे लागतील.

चूक कुठे बसते

खड्ड्यातली सगळी माती मनातल्या मनात तीन प्रकारच्या तुकड्यांत कापा. पहिला तुकडा तळाच्या सरळ वरचा ठोकळा. २.४ गुणिले ३.० गुणिले ३, म्हणजे २१.६ घनमीटर. यात कुणाचाही वाद नाही.

दुसरा प्रकार म्हणजे चार बाजूंच्या चार पाचरी. प्रत्येक पाचर खाली धारदार आणि वर दीड मीटर रुंद. तिचा आडवा छेद त्रिकोण असतो, तेव्हा दीड गुणिले तीन, भागिले दोन, गुणिले त्या बाजूची लांबी. चारही मिळून २४.३ घनमीटर होतात. पाचरीची रुंदी वर जाताना एकसारखी वाढते, म्हणून सरासरी काढणारा आणि मधले माप घेणारा, दोघेही पाचरींचे उत्तर बरोबरच काढतात.

उरले चार कोपरे. जिथे दोन उतार मिळतात तिथे प्रत्येक कोपऱ्यात एक सुळक्यासारखा तुकडा राहतो, खाली टोक आणि वर दीड बाय दीड मीटरचा चौकोन. हे चारही तुकडे एकमेकांना चिकटवले, तर तीन बाय तीन मीटर पायाचा आणि तीन मीटर उंचीचा एक उलटा पिरॅमिड तयार होतो. पिरॅमिडचे घनफळ त्याच पायाच्या आणि त्याच उंचीच्या ठोकळ्याच्या एक तृतीयांश असते. ठोकळा २७ घनमीटरांचा, म्हणून कोपऱ्यांतली माती ९ घनमीटर. तीन आकड्यांची बेरीज: २१.६ अधिक २४.३ अधिक ९, म्हणजे ५४.९.

आता मघाच्या दोन पद्धती या कोपऱ्यांचे काय करतात, ते पाहा. तळ आणि तोंडाची सरासरी घेणारा पिरॅमिडला ठोकळ्याचा अर्धा भाग समजतो, कारण त्याच्या टोकाचे क्षेत्रफळ शून्य आणि पायाचे पूर्ण. म्हणून त्याच्या हिशेबात कोपरे १३.५ घनमीटर भरतात, म्हणजे साडेचार जास्त. मधले माप घेणाऱ्याला अर्ध्या उंचीवर पिरॅमिडची बाजू निम्मी दिसते, क्षेत्रफळ पाव दिसते. त्याचे कोपरे ६.७५ भरतात, सव्वादोन कमी. अर्धा, पाव आणि खरे उत्तर एक तृतीयांश. सगळी चूक या चार कोपऱ्यांत आहे, बाकी खड्डा दोघांचाही बिनचूक आहे.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. सरासरीची चूक मधल्या मापाच्या चुकीच्या बरोबर दुप्पट आहे आणि उलट दिशेची आहे. मग मधले उत्तर दोनदा घ्या, सरासरीचे एकदा घ्या आणि तिन्हींची सरासरी काढा. दोनदा सव्वादोन कमी आणि एकदा साडेचार जास्त, चूक कटली. ५२.६५ अधिक ५२.६५ अधिक ५९.४, भागिले तीन, बरोबर ५४.९. हीच रीत एका ओळीत मांडली, की अभियांत्रिकीच्या पुस्तकातला प्रिझमॉइडल फॉर्म्युला तयार होतो:

घनफळ = खोली ÷ ६ × (तळ + ४ × मध्य + तोंड)

आपल्या खड्ड्यासाठी: ३ ÷ ६ × (७.२ + ७०.२ + ३२.४) = ५४.९. मधल्या क्षेत्रफळाला चार का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना नेहमी पडतो. मधले उत्तर दोन वाटे आणि टोकांची सरासरी एक वाटा असे घेतले, की प्रत्येक टोकाला एक आणि मध्याला चार असा हिस्सा आपोआप पडतो.

पाटणच्या मठातला खड्डा

हा फॉर्म्युला परदेशी पुस्तकांतून आला असे वाटणे साहजिक आहे, पण खानदेशाचा त्याच्याशी संबंध फार जुना आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. तिथल्या शिलालेखात इ.स. १२०७ मधल्या एका दानाची नोंद आहे. यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव याने तिथे एक मठ स्थापला आणि त्यासाठी दान मिळाले, ते आपल्या आजोबांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. हे आजोबा म्हणजे भास्कराचार्य. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा ‘लीलावती’ हा पाटीगणिताचा भाग आहे, आणि त्यात ‘खातव्यवहार’ म्हणजे खोदाईच्या हिशेबाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तिथला नियम थोडक्यात असा: तोंडाचे क्षेत्रफळ घ्या, तळाचे क्षेत्रफळ घ्या, आणि तोंड व तळ यांच्या लांब्यांची बेरीज करून तिला रुंद्यांच्या बेरजेने गुणा. तिन्ही मिळवून सहाने भागा आणि खोलीने गुणा. बेरजांचा हा गुणाकार म्हणजे मधल्या क्षेत्रफळाची चौपट, कारण मधली लांबी बेरजेच्या निम्मी आणि मधली रुंदीही बेरजेच्या निम्मी असते. म्हणजे हा आपलाच फॉर्म्युला. मधले माप वेगळे काढायचीही गरज त्यात राहत नाही.

सोबत दिलेले उदाहरण वापीचे, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीसारख्या खोदाईचे आहे. तोंड १२ बाय १० हात, तळ त्याच्या निम्मा म्हणजे ६ बाय ५ हात, खोली ७ हात. तोंड १२०, तळ ३०, बेरजांचा गुणाकार १८ गुणिले १५ म्हणजे २७०. एकूण ४२०, सहाने भागून ७०, सातने गुणून ४९० घनहात. टोकांच्या सरासरीने हेच उत्तर ५२५ आले असते आणि मधल्या मापाने ४७२.५. पहिले ३५ ने जास्त, दुसरे साडेसतराने कमी. चूक पुन्हा दोनास एक.

त्याच्याही आधी पाचशे वर्षे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मधल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त हाच हिशेब दुसऱ्या वाटेने मांडला होता. मधल्या मापाच्या उत्तराला त्याने व्यावहारिक म्हटले, टोकांच्या सरासरीच्या उत्तराला औत्र म्हटले, आणि दोहोंतल्या फरकाचा तिसरा हिस्सा व्यावहारिकात मिळवला की सूक्ष्म उत्तर मिळते असे सांगितले. आपल्या खड्ड्यावर करून पाहा: ५२.६५ आणि ५९.४ मधला फरक ६.७५, त्याचा तिसरा हिस्सा २.२५, बेरीज ५४.९. तोंडी हिशेबाला आजही हीच रीत सर्वांत सोपी आहे.

रस्त्याची रीत खड्ड्याला का लागत नाही

टोकांच्या सरासरीची पद्धत चुकीची आहे, असे यातून समजू नये. ती रस्ते, कालवे आणि नाले यांच्यासाठी आहे. शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून पाणी जिरवण्याचे जे काम झाले, तशा कामात काही मीटरांवर आडवे छेद घेतात, लगतच्या दोन छेदांची सरासरी काढतात आणि मधल्या अंतराने गुणतात. तिथे काटछेद थोडा थोडा बदलतो, लगतचे दोन छेद जवळपास सारखे असतात, म्हणून चूक नगण्य राहते.

फुटिंगच्या खड्ड्यात मात्र दोनच छेद घेतले जातात, एक तळाशी आणि एक तोंडाशी, आणि दुसरा पहिल्याच्या साडेचार पट आहे. एवढ्या मोठ्या उडीत सरासरी फसते. चुकीचे माप खोलीच्या घनाबरोबर आणि उताराच्या वर्गाबरोबर वाढते. म्हणून मुरमात दीड मीटरच्या, मीटरमागे पाव मीटर उतार असलेल्या खड्ड्यात सरासरीची चूक एक सप्तमांश घनमीटर भरते, तिथे डोके शिणवू नये. उलट पाऊस तोंडावर आहे म्हणून आपल्याच खड्ड्याचा उतार मीटरला मीटर असा पसरट केला, तर खरे घनफळ १०६.२ होते आणि सरासरीचे १२४.२. एका खड्ड्यात १८ घनमीटर, म्हणजे सहा ब्रासहून जास्त माती कागदावर फुकट निघाली.

आपल्या मूळ उतारावरही साडेचार घनमीटर प्रत्येकी धरले, तर साडेसात मीटर अंतरावरच्या २४ कॉलमांच्या शेडला १०८ घनमीटर, सुमारे ३८ ब्रास होतात. जो खोदाईचे पैसे मोजतो त्याचा तोटा सरासरीने होतो आणि जो खोदतो त्याचा मधल्या मापाने.

काळी माती किती, मुरूम किती

निविदेत माती आणि मुरूम यांचे दर वेगळे असतात, कारण मुरूम फोडायला जास्त कष्ट पडतात. त्यामुळे एकूण घनफळ काढून भागत नाही, थर वेगळे करावे लागतात. समजा आपल्या खड्ड्यात वरचे १.८ मीटर काळी माती आहे आणि खालचे १.२ मीटर मुरूम.

इथे एक चूक सहज घडते. मुरूम खोलीच्या ४० टक्के आहे म्हणून घनफळाचेही ४० टक्के, म्हणजे २२ घनमीटर मुरूम लावला जातो. पण मुरूम खड्ड्याच्या अरुंद भागात आहे. दोन थर जिथे भेटतात तिथे, तळापासून १.२ मीटरवर, खड्डा ३.६ बाय ४.२ मीटरचा आहे, म्हणजे १५.१२ चौरस मीटर. मुरमाच्या थराच्या मध्यावर तो ३.० बाय ३.६, म्हणजे १०.८. तेव्हा मुरूम: १.२ ÷ ६ × (७.२ + ४३.२ + १५.१२) = १३.१ घनमीटर. हा एकूण घनफळाच्या चौथ्या हिश्शाहूनही थोडा कमी आहे. उरलेली ४१.८ घनमीटर काळी माती. ती फॉर्म्युल्याने स्वतंत्र काढूनही पाहावी: थराच्या मध्यावर ४.५ बाय ५.१, म्हणजे २२.९५, आणि १.८ ÷ ६ × (१५.१२ + ९१.८ + ३२.४) = ४१.८. दोन थरांची बेरीज पूर्ण खड्ड्याएवढी आली, तर कुठे आकडा चुकला नाही असे समजावे.

मुरमात उतार उभा आणि मातीत पसरट ठेवला असेल, तर थर वेगळे करणे सक्तीचेच आहे. जिथे उतार बदलतो तिथे खड्डा तुटतो आणि फॉर्म्युला त्या सांध्याच्या आरपार चालत नाही. पायऱ्या ठेवून खोदलेल्या खड्ड्याचेही तसेच, प्रत्येक पायरीचा हिशेब वेगळा.

भरावाच्या वेळी हे दोन आकडे पुन्हा लागतात. आपल्या खड्ड्यात फुटिंग ४५ सेंटिमीटर जाड, पी.सी.सी. १५ सेंटिमीटर आणि वर कॉलमचा तुकडा धरला, तरी काँक्रीट मिळून तीन घनमीटरांच्या थोडेच वर जाते. बाकी जवळजवळ ५२ घनमीटर पोकळी परत भरायची असते. काळी माती फुटिंगभोवती परत टाकली, तर ज्या फुगण्यापासून सुटायला एवढे खोदले तेच पुन्हा बोलावल्यासारखे होते, म्हणून भराव मुरमाचा करतात. खड्ड्यातून निघालेला मुरूम १३ घनमीटर, म्हणजे सुमारे ३९ घनमीटर बाहेरून आणावा लागेल, आणि तोही दाबून बसलेला मोजायचा. थर देऊन, पाणी मारून, कुटून बसवल्यावर मुरूम आकसतो, त्यामुळे गाडीत मोजलेला मुरूम याहून बराच जास्त लागतो. २४ खड्ड्यांच्या अंदाजपत्रकात हा आकडा खोदाईपेक्षा भारी पडू शकतो.

काळ्या मातीचे याच्या उलट होते. जमिनीतली ४१.८ घनमीटर घट्ट माती जेसीबीने उपसली, की ढेकळांमधल्या पोकळीमुळे ती पंचवीस ते तीस टक्के फुगते आणि ५२ ते ५४ घनमीटर होते. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या खेपा मोजून खड्ड्याचे घनफळ पडताळायला गेले की आकडा जुळत नाही, तो यामुळे. खोदाईचे पैसे नेहमी खड्ड्याच्या मापावर ठरवावेत आणि वाहतुकीचे मोकळ्या मातीवर, दोन्ही एका आकड्यात मिसळू नयेत.

खड्डे एकमेकांत घुसले तर

शेडचे कॉलम लांब लांब असतात, पण धुळ्याच्या देवपुरात किंवा जळगावच्या एखाद्या कॉलनीत घर बांधताना ते चार मीटरवर येतात. आपलाच खड्डा अशा दोन कॉलमांना दिला आणि त्याची २.४ मीटरची बाजू ओळीच्या दिशेने ठेवली, तर दोन तळांमध्ये १.६ मीटर जागा उरते. दोन्हींच्या कडा वर जाताना एकमेकांकडे सरकतात आणि तळापासून १.६ मीटर उंचीवर भेटतात. त्यावरच्या १.४ मीटरमध्ये दोन्ही खड्डे एकाच मातीवर हक्क सांगतात. दोघांचे ५४.९ असे सरळ मिळवले, तर ही माती दोनदा मोजली जाते.

दोनदा मोजलेला भाग त्याच फॉर्म्युल्याने काढता येतो. भेटीच्या रेषेवर त्याचे क्षेत्रफळ शून्य. त्याच्यावर ०.७ मीटर उंचीवर रुंदी ०.७ आणि लांबी ५.३, म्हणजे ३.७१ चौरस मीटर. तोंडाशी रुंदी १.४ आणि लांबी ६.०, म्हणजे ८.४. घनफळ १.४ ÷ ६ × (० + १४.८४ + ८.४), सुमारे ५.४ घनमीटर. चार कॉलमांच्या एका ओळीत असे तीन सांधे येतात, म्हणजे २१९.६ मधून १६.३ वजा करायचे. दोन्ही दिशांनी खड्डे एकमेकांत घुसत असतील, तर मधे उरणारे मातीचे कंगोरे जेसीबी तसेही ठेवत नाही. तिथे खड्डे मोजण्यापेक्षा सगळ्या घराखालचा एकच मोठा खड्डा धरून हिशेब करावा.

फीत कुठे धरायची

फॉर्म्युला बरोबर असूनही उत्तर चुकते, ते बहुतेक वेळा मापांमुळे. सगळ्यात नेहमीची चूक खोलीची. फीत उतारावरून खाली सोडली, तर ती उताराची लांबी दाखवते. आपल्या खड्ड्यात ती ३.३५ मीटर भरेल, खऱ्या खोलीपेक्षा जवळपास १२ टक्के जास्त. तोंडावर सरळ पट्टी किंवा दोरी ताणून मधून ओळंबा सोडावा, किंवा लेव्हल मशीनने तळ आणि जमीन यांच्या पातळ्या घ्याव्यात. जमीन तिरपी असेल तर चारही कोपऱ्यांच्या खोल्या घेऊन सरासरी धरतात. थोड्या तिरपेपणाला एवढे पुरते.

दुसरी चूक मधल्या मापाची. मध्य म्हणून तळ आणि तोंडाच्या क्षेत्रफळांची सरासरी फॉर्म्युल्यात घातली, तर सगळा खटाटोप करूनही ५९.४ च येते, कारण मग तो फॉर्म्युला सरासरीचीच दुसरी मांडणी होतो. उत्तर सरासरीच्या उत्तराशी तंतोतंत जुळले आणि बाजूंना उतार असेल, तर हीच चूक झाली असे ओळखावे. मधले क्षेत्रफळ मधल्या लांबी-रुंदीवरूनच काढायचे, आणि शक्य असेल तर अर्ध्या खोलीवर खूण करून तिथे प्रत्यक्ष फीत लावायची. प्रत्यक्ष मोजण्याचा आणखी एक फायदा आहे. जेसीबीचा बकेट कोपरे टोकदार कापत नाही, ते गोलसर राहतात. चारही कोपरे पूर्ण गोल राहिले असे धरले, तर कोपऱ्यांतली माती ९ ऐवजी सुमारे ७ घनमीटर उरते आणि एकूण ५३ वर येते. तोंड आणि मध्य या दोन्ही जागी गोल कोपऱ्यांसह क्षेत्रफळ घेतले, तर फॉर्म्युला हा फरकही बरोबर पकडतो.

शेवटचा मुद्दा पैशांचा आहे, आणि तो खोदाई सुरू होण्याआधी मिटवावा. अनेक निविदांमध्ये पायाच्या खोदाईचे माप तळाच्या लांबी-रुंदीला सरळ खोलीने गुणून धरतात, उताराची माती ठेकेदाराने दरात सामावून घ्यायची असते. आपल्या खड्ड्यात तसे माप २१.६ घनमीटर होईल आणि प्रत्यक्षात निघालेली माती त्याच्या अडीच पट आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तपशिलात घट्ट जमिनीत तळापासून दोन मीटरपर्यंत बाजू उभ्या धरल्या आहेत, आणि त्याहून खोल गेल्यास पायरी किंवा चार मीटर खोलीला एक मीटर एवढा उतार मान्य आहे. काळ्या मातीत लागणारा उतार याहून बराच पसरट असतो. म्हणून कोणता उतार मापात धरायचा, तो मीटरमागे किती, आणि थर कोणत्या पातळीवर बदलला असे मानायचे, हे मालक, इंजिनिअर आणि ठेकेदार या तिघांच्या सहीने आधी लिहून ठेवावे. मग मोजमाप पुस्तिकेत प्रत्येक खड्ड्याला तीन ओळी पुरतात: तळ, मध्य, तोंड, आणि शेजारी ओळंब्याने मोजलेली खोली. भराव पडल्यावर खड्डा पुन्हा मोजता येत नाही, वाद झाला तर या तीन ओळींवरूनच मातीचा हिशेब परत मांडता येतो.